रिसेट झाला, पण डी ड्राइव्हचं काय?

जुना लॅपटॉप विकायला काढला की बहुतेक घरांत कार्यक्रम ठरलेला असतो. फोटो पेनड्राइव्हवर घ्यायचे, डेस्कटॉपवरचं सगळं निवडून डिलीट मारायचं, रिसायकल बिन रिकामी करायची आणि अगदीच धाकधूक वाटली तर विंडोज रिसेट करायचं. मग तो लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुकानात, एक्स्चेंज ऑफरमध्ये किंवा भाच्याकडे जातो. पुढे तो कोणाकोणाच्या हातांतून जाईल, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो.

एमआयटीतले सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी २००० ते २००२ या काळात ऑनलाइन लिलाव आणि जुन्या मालाच्या बाजारातून १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू निघाल्या. ज्यांवरचा मजकूर नीट पुसलेला होता, अशा डिस्क होत्या फक्त १२. बाकीच्यांवर खासगी पत्रं, वैद्यकीय माहिती आणि हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. एक डिस्क तर चक्क एटीएममधली होती आणि खात्यांचे क्रमांक तिच्यावर तसेच होते. विकणाऱ्यांमधल्या अनेकांनी आपापल्या परीने डिस्क पुसलीही होती. त्यांनी फाइल डिलीट केल्या होत्या, डिस्क फॉरमॅट केली होती. प्रश्न त्या पुसण्याच्या पद्धतीचा होता.

फाइल डिलीट केल्यावर विंडोज तिच्यातला मजकूर खोडत नाही. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची एक यादी विंडोज ठेवतं. त्या यादीत फक्त 'ही जागा आता मोकळी' एवढा शेरा पडतो. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं तरी शेतातलं पीक उभंच असतं, तसा हा प्रकार आहे. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच राहतो, आणि फोटोरेकसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तो उचलून देतं. फोटोरेक त्या यादीकडे पाहतसुद्धा नाही. डिस्कवरून सरळ वाचत जातं आणि जेपेग किंवा पीडीएफची सुरुवात ओळखून फाइल बाहेर काढतं. क्विक फॉरमॅटनेही फक्त ती यादी नवी होते, म्हणून त्याचा उपयोग याहून फारसा जास्त नाही.

'माझ्या पीडीएफना पासवर्ड आहेत', असं कोणी म्हणेल. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाचा पासवर्ड पॅन आणि जन्मतारीख जोडून होतो. पॅन कार्डाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये असेल, आणि तो असतोच, तर पासवर्ड शोधायला डोकं चालवावं लागत नाही.

आता एक प्रत्यक्ष लॅपटॉप समोर ठेवू. सांगलीतल्या एका करसल्लागाराचा, २०१९ मध्ये घेतलेला. त्यात विंडोज ११ प्रो आहे आणि दोन डिस्क आहेत: विंडोजसाठी २५६ जीबीची एसएसडी आणि साठवणीसाठी १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. त्या काळात ही जोडी फार खपली. सी ड्राइव्ह एसएसडीवर आहे, डी ड्राइव्ह हार्ड डिस्कवर. डी ड्राइव्हवर 'क्लायंट्स' नावाचं फोल्डर आहे आणि त्यात पाच-सहा वर्षांची दुसऱ्यांची आधार कार्डं, पॅन, बँकेची स्टेटमेंट्स आणि टॅलीचे बॅकअप आहेत. लॅपटॉप त्यांचा, पण निम्मा डेटा दुसऱ्यांचा. म्हणून हे उदाहरण निवडलं.

या लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये `System`, मग `Recovery`, मग `Reset this PC` असं जाऊन `Remove everything` निवडलं की तास-दीड तासात विंडोज कोरं दिसायला लागतं. पण पुढे `Change settings` या दुव्यामागे दोन बटणं आहेत, आणि ती आपण बदलली नाहीत तर बंदच असतात. एक आहे `Clean data?`. ते बंद असेल तर सी ड्राइव्हवरच्या फाइल नुसत्या डिलीट होतात. दुसरं `Delete files from all drives?`. ते बंद असेल तर डी ड्राइव्हला हातही लागत नाही. म्हणजे नवा मालक विंडोज सुरू करतो, माय कंप्यूटर उघडतो आणि 'क्लायंट्स' फोल्डर समोर हजर. फोटोरेकचीही गरज नाही.

ही चूक आपल्याकडे इतकी होते, याला एक जुनी सवय कारणीभूत आहे. लॅपटॉप घेताना दुकानदार सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि बजावतो, 'तुमचं सगळं डीमध्ये ठेवा, उद्या विंडोज उडालं तर सी फॉरमॅट मारता येईल.' सल्ला चांगलाच होता. पण ज्या रचनेमुळे आपला डेटा फॉरमॅटमधून वाचायचा, तिच्याचमुळे तो विक्रीच्या वेळीही वाचतो.

तेव्हा सुरुवात डी ड्राइव्हपासून करायची. विंडोज चालू असेपर्यंतच हे काम सोपं असतं, सी एकदा गेला की हाताशी साधनं उरत नाहीत. त्याआधी अर्थातच बॅकअप. तो दुसऱ्या संगणकाला जोडून, चार-सहा फाइल प्रत्यक्ष उघडून पाहायच्या. बॅकअप पाहून झाला की ती बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवायची. ती जोडलेली राहिली तर काय होतं, ते पुढे येईलच.

फिरत्या हार्ड डिस्कवर उपाय साधा आहे: प्रत्येक जागेवर शून्य लिहायचं, एकदाच. पस्तीस वेळा लिहावं लागतं असं अजूनही ऐकू येतं. हा आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला आहे आणि तो त्या काळातल्या वेगवेगळ्या, आता इतिहासजमा झालेल्या डिस्कांसाठी होता. आजच्या डिस्कवर पस्तीस फेऱ्या मारण्यात अर्थ नाही, हे गटमन यांनीच नंतर लिहून ठेवलं. १ टीबीच्या डिस्कला एका फेरीलाच तीन-चार तास लागतात. पस्तीस फेऱ्यांना चार ते सहा दिवस जातील आणि हाती जास्तीचं काही लागणार नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही अशा डिस्कला एक फेरी साधारणपणे पुरते.

लॅपटॉप चार्जरला लावा, स्लीप बंद करा, कमांड प्रॉम्प्ट उजव्या क्लिकने अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पहिल्या दोन ओळी द्या:

```
diskpart
list disk
```

समोर डिस्कांची यादी येते. इथे घाई नको. आपल्या उदाहरणात एका डिस्कपुढे २३८ जीबी दिसेल, दुसरीपुढे ९३१. विंडोज वेगळ्या हिशेबाने मोजतं म्हणून २५६ चे २३८ आणि एका टीबीचे ९३१ होतात. काही कमी झालेलं नसतं. हार्ड डिस्कचा क्रमांक कधी ० असतो, कधी १, म्हणून क्रमांकावर विसंबू नका, आकार पाहा. विंडोज ज्या डिस्कवर चालू आहे ती पुसायला हे साधन नकार देतं, तेवढं संरक्षण आहे. बाहेरून जोडलेल्या बॅकअपला मात्र ते नाही. तीही १ टीबीची असेल तर तिच्यापुढेही ९३१ हाच आकडा दिसतो. कपाटात ठेवायला सांगितलं ते यासाठी. ९३१ जीबीची डिस्क क्रमांक १ वर आहे असं धरू:

```
select disk 1
clean all
```

यातला `all` हा शब्द विसरला तर सगळंच फसतं. नुसतं `clean` दिलं तर डिस्कवरच्या विभागांची नोंद तेवढी जाते, मजकूर जसाच्या तसा राहतो, आणि तरीही 'यशस्वी' असा संदेश येतो. दोन्हींतला फरक वेळेवरून कळतो. क्षणात संपलं तर ते `clean` होतं. `clean all` चालू असताना पडद्यावर टक्केवारी दिसत नाही, नुसतं कर्सर लुकलुकत बसतं आणि मशीन अडकलं असं वाटून माणूस खिडकी बंद करतो. टास्क मॅनेजरमधल्या `Performance` या भागात ती डिस्क शंभर टक्के कामात दिसली की समजायचं, लिहिणं चालू आहे. रात्री लावून झोपावं हे बरं. मध्येच इनपुट-आउटपुट त्रुटी दाखवून काम थांबलं तर डिस्कचा काही भाग खराब झालेला आहे, आणि तिथला मजकूर पुसला गेला असं धरता येत नाही. ती डिस्क विकायची नाही.

पुसलं गेलं का, हे फोटोरेकनेच तपासावं. मी तर पुसण्याच्या आधीही ते पाच मिनिटं चालवून बघायला सांगेन. डी ड्राइव्हवर ते सुरू केलं आणि सापडलेल्या फाइल ठेवायला पेनड्राइव्ह दिला की काही मिनिटांत जेपेग, पीडीएफ, डॉक असे आकडे चढायला लागतात. आपणच चार वर्षांपूर्वी डिलीट केलेले लग्नाचे फोटो बाहेर येताना पाहिले की पुढचं काम करण्याची इच्छा आपोआप होते. `clean all` नंतर तीच संपूर्ण डिस्क निवडून पुन्हा चालवलं की आकडा शून्यावर राहायला हवा. आधी चढणारा आणि नंतर हलतच नसलेला आकडा, असा पुरावा दोन्ही बाजूंनी मिळतो. तो पेनड्राइव्हही नंतर रिकामा करायला विसरू नका, त्यावर आता आपलेच जुने फोटो आहेत.

एसएसडीला मात्र हे औषध लागू पडत नाही. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, फ्लॅश चिप असतात. प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच लिहिता येते, म्हणून सगळ्या पेशी सारख्या झिजाव्यात याची काळजी एसएसडीतला कंट्रोलर घेतो. तुम्ही एखाद्या फाइलवर शून्य लिहायला सांगता, तो ते शून्य दुसऱ्याच कोऱ्या जागी लिहितो आणि जुनी जागा 'नंतर साफ करू' म्हणून बाजूला ठेवतो. शिवाय काही जागा त्याने राखीव ठेवलेली असते. ती विंडोजला दिसतच नाही. त्यामुळे विंडोजने सगळं पुसल्यावरही चिपच्या कोपऱ्यांत जुने तुकडे राहू शकतात. २०११ मध्ये सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एसएसडी उघडून थेट चिप वाचल्या. एकेक फाइल पुसण्याची जेवढी तंत्रं त्यांनी तपासली, त्यांतलं एकही एसएसडीवर पूर्ण यशस्वी ठरलं नाही. एका एसएसडीने तर आपल्या अंगच्या पुसण्याच्या आज्ञेला 'झालं' असं उत्तर दिलं आणि डेटा जागच्या जागी होता.

इथे उपयोगी पडतं एन्क्रिप्शन. डिस्कवर जाणारी प्रत्येक गोष्ट सांकेतिक रूपातच लिहिली गेली असेल, तर कोपऱ्यात राहिलेला तुकडाही सांकेतिकच असतो, आणि किल्ली नष्ट केली की त्याचा कोणाला काही उपयोग नाही. विंडोज प्रोमध्ये हे काम बिटलॉकर करतो. आपल्या करसल्लागारांनी कमांड प्रॉम्प्ट पुन्हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पाहायचं ते असं:

```
manage-bde -status C:
```

उत्तरात `Conversion Status` ही ओळ शोधा. `Fully Encrypted` असेल तर उत्तम. `Used Space Only Encrypted` असेल तर एक गोम आहे. त्याचा अर्थ, एन्क्रिप्शन सुरू केलं तेव्हा ज्या जागेत फाइल होत्या तेवढीच जागा सांकेतिक झाली, आधी डिलीट केलेल्या फाइलचे अवशेष मोकळ्या जागेत उघडेच राहिले. लॅपटॉप नवा असल्यापासून एन्क्रिप्शन चालू असेल तर याने बिघडत नाही. विकायच्या आदल्या दिवशी चालू केलं असेल तर बिघडतं. मग मोकळी जागाही पुसून घ्यायची:

```
manage-bde -w C:
```

एन्क्रिप्शन मुळातच चालू नसेल तर कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर सुरू करताना `Encrypt entire drive` हा पर्याय घ्या, दुसरा नको. एसएसडीला यात फार वेळ जात नाही. तरी एक मर्यादा उरते. एन्क्रिप्शनच्या आधी राखीव जागेत गेलेले उघडे तुकडे विंडोजच्या हाताबाहेरच असतात. ते वाचायला चिप सोडवून काढणारी प्रयोगशाळा लागते, जुन्या लॅपटॉपच्या गिऱ्हाइकाकडे ती नसते. तरीही ज्यांच्याकडे इतरांची कागदपत्रं आहेत त्यांनी आणखी एक पायरी करावी. अनेक व्यावसायिक लॅपटॉपच्या बायोसमध्ये डिस्क पुसण्याची सोय असते. डेलमध्ये ती `Data Wipe` नावाने, एचपीमध्ये `Secure Erase` नावाने सापडते. ही आज्ञा थेट एसएसडीच्या कंट्रोलरला जाते आणि राखीव जागेचाही समाचार घेते. २०११ चा तो खोटं बोलणारा नमुना लक्षात ठेवून मी एन्क्रिप्शन आणि ही आज्ञा दोन्ही करा म्हणतो. एकाने दगा दिला तरी दुसरं उभं असतं.

आता किल्ली. ती दोन ठिकाणी असते. एक लॅपटॉपमधल्या टीपीएम या चिपच्या ताब्यात. दुसरी ४८ अंकी रिकव्हरी की, जी आपण मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली किंवा छापून ठेवलेली असते. बायोसमध्ये जाऊन टीपीएम `Clear` करायचा. यानंतर जुनं विंडोज शिल्लक असेल तर ते रिकव्हरी की मागेल. मागू द्या, आपल्याला तिकडे परत जायचं नाही. तिथून थेट विंडोजच्या इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, एसएसडीवरचे सगळे विभाग एकेक करून डिलीट करायचे आणि रिकाम्या जागेवर विंडोज टाकायचं. ज्या लॅपटॉपबरोबर विंडोज आलेलं असतं त्याचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, इंटरनेट मिळालं की तो आपोआप लागू होतो. दुकानदार 'नवं विंडोज टाकायचे वेगळे पैसे' म्हणाला तर हे त्याला सांगा. शेवटी दुसऱ्या संगणकावरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन तो लॅपटॉप आणि त्याची रिकव्हरी की काढून टाकायची.

विंडोज होम असलेल्यांना बिटलॉकरचा हा पूर्ण पडदा मिळत नाही. `Privacy & security` मध्ये `Device encryption` दिसत असेल तर ते चालू करून वरचेच टप्पे घ्यावेत. दिसत नसेल तर बायोसमधली सोय, आणि तीही नसेल तर `Reset this PC` मधली ती दोन्ही बटणं चालू करून रिसेट. घरगुती वापराच्या लॅपटॉपला एवढं पुरेसं आहे. रिसेटनंतर सी ड्राइव्हवर `Windows.old` नावाचं फोल्डर उरलंय का, तेवढं बघा. २०२२ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टनेच मान्य केलं होतं की काही मशीनवर 'सगळं काढा' म्हटल्यावरही वनड्राइव्हच्या फाइल मागे राहत होत्या. पुढे तो दोष दुरुस्त झाला, पण पाहायला जातंय काय? मॅकवाल्यांचं काम सोपं आहे. अ‍ॅपलची स्वतःची चिप किंवा टी२ चिप असलेल्या मॅकवर डिस्क आधीपासून सांकेतिकच असते, आणि मॉन्टेरे किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत `Erase All Content and Settings` ही आज्ञा किल्ली नष्ट करते.

डिस्क कोरी करण्याच्या नादात एक गोष्ट मागे राहते. टॅलीचा परवाना लॅपटॉपवर चालू असतानाच सरेंडर करायला हवा. मशीन गेल्यावर नव्या लॅपटॉपवर तो चढवताना डोकेदुखी होते. फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या `Linked devices` मधून आणि गूगल खात्याच्या उपकरणांच्या यादीतून हा लॅपटॉप काढा. बायोसला पासवर्ड ठेवला असेल तर तोही काढा, नाहीतर महिनाभराने गिऱ्हाइकाचा फोन येईल. कडेच्या खाचेत एसडी कार्ड राहिलेलं नाही ना, हे बोट घालून पाहा.

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर? मग यांतलं काहीच करता येत नाही, आणि 'बंदच आहे, कोण काय काढणार' हा समज सर्वांत महागात पडतो. बंद पडलेला असतो बहुधा बोर्ड किंवा स्क्रीन, डिस्क ठणठणीत असते. खालचं झाकण उघडलं की अडीच इंची हार्ड डिस्क आणि च्युइंग गमच्या पाकिटाएवढी एम.२ एसएसडी चार-दोन स्क्रूवर बसलेली दिसते. बॅटरीची जोडणी आधी काढून त्या बाहेर घ्या. बाजारात मिळणाऱ्या यूएसबी केसमध्ये बसवल्या की त्या दुसऱ्या संगणकाला लावून तपासताही येतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डवरच डाग दिलेली असते, ती अशी निघत नाही. ज्या डिस्कने त्रुटी दाखवली ती फोडायची असेल तर डोळ्यांना चष्मा हवा, कारण अडीच इंची डिस्कच्या तबकड्या अनेकदा काचेच्या असतात आणि तडकून उडतात. एसएसडी असेल तर तिच्यावरची प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे, एक जरी वाचली तरी तिच्यातला मजकूर वाचला. बॅटरीजवळ ड्रिल अजिबात नको, ती पेट घेते. उरलेला सांगाडा भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या.

विंडोज नव्याने टाकून झालं की देश आणि भाषा विचारणारा पहिला पडदा येतो. तिथेच पॉवर बटण दाबून धरा आणि लॅपटॉप बंद करा. स्वतःचं खातं टाकून 'चालतोय का बघू' म्हणू नका, केलेलं सगळं त्या एका लॉगिनने पुन्हा सुरू होतं. विकताना कागदावर लॅपटॉपचा अनुक्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. आणि हे सगळं वाचूनही मनात शंका उरत असेल, तर डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. डिस्क नसलेलाही लॅपटॉप विकला जातो, फक्त थोडे पैसे कमी मिळतात.